‘दाखवा की’ आणि ‘सिद्ध करा’ : शेवटची ओळ जुळते, तरी गुण का जातात?

दहावी आणि अकरावीच्या गणितात ‘सिद्ध करा’ किंवा ‘दाखवा की’ या शब्दांचे प्रश्न आले की एक तक्रार दरवर्षी नव्याने कानावर येते. विद्यार्थ्याने अर्धे पान भरून लिहिलेले असते, बेरीज-वजाबाकीत कुठे चूक नसते, शेवटची ओळ प्रश्नात दिलेल्या विधानाशी तंतोतंत जुळते, आणि तरीही चारपैकी एखादाच गुण हाती आलेला असतो. मी मुंबईत, दादरला, या इयत्तांना गणित शिकवते. सहामाहीच्या उत्तरपत्रिका हातात पडल्या की त्या आठवड्यात मुले पेपर घेऊन येतात आणि जवळजवळ एकाच वाक्याने सुरुवात करतात : “मॅडम, उत्तर तर बरोबर आलंय ना?”

उत्तर बरोबर येणारच होते, कारण ते प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानेच छापून दिलेले आहे. वेग काढा, क्षेत्रफळ काढा, अशा प्रश्नांत शेवटच्या संख्येला काही गुण असतात. ‘दाखवा की’मध्ये शेवटची ओळ फुकट मिळालेली असते, म्हणून सगळे गुण दिलेल्या माहितीपासून त्या ओळीपर्यंत जाणाऱ्या वाटेवर असतात. या वाटेवर कुठेही साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे आहे तेच विधान, आधार म्हणून वापरले गेले, तर वाट तिथेच तुटते. विद्यार्थी हे जाणूनबुजून करत नाहीत. साध्य डोळ्यांसमोर छापलेले असते आणि ते लिखाणात अशा जागी शिरते, जिथे ते शिरल्याचे लिहिणाऱ्याला कळतही नाही. ते कुठून शिरते, शिरले आहे हे कसे ओळखायचे आणि मग काय करायचे, हे तीन उदाहरणांतून पाहू.

पडताळा म्हणजे सिद्धता नव्हे

वर्गसमीकरणांच्या प्रकरणातला नेहमीच्या धाटणीचा एक प्रश्न घेऊ. मुंबई ते पुणे हे 192 किमी अंतर एक गाडी ताशी x किमी या सरासरी वेगाने कापते. तिचा वेग ताशी 16 किमीने जास्त असता, तर तिला 1 तास कमी लागला असता. दाखवा की x² + 16x − 3072 = 0, आणि त्यावरून गाडीचा वेग काढा.

अनेक मुले असे लिहितात : x² + 16x − 3072 = 0, म्हणून (x + 64)(x − 48) = 0, म्हणून x = 48, कारण वेग ऋण नसतो. आता 192 ÷ 48 = 4 तास आणि 192 ÷ 64 = 3 तास. फरक 1 तास. म्हणून दिलेले समीकरण बरोबर आहे.

यातली एकही आकडेमोड चुकलेली नाही. पण पहिल्याच ओळीत साध्य लिहून टाकले आहे आणि पुढचे सगळे त्यावर उभे आहे. या लिखाणाने एवढेच कळते की समीकरणाची 48 ही उकल दिलेल्या माहितीत बसते. प्रश्नाने विचारले होते ते याच्या उलट दिशेचे : दिलेल्या माहितीत जो x बसतो, तो या समीकरणात बसलाच पाहिजे, हे दाखवा.

हा फरक नुसता कागदी आहे असे कुणाला वाटले, तर मी त्याच्यापुढे मुद्दाम चुकीचा प्रश्न ठेवते. एका आयताची परिमिती 46 मीटर आणि क्षेत्रफळ 120 चौरस मीटर आहे; त्याची एक बाजू x मीटर आहे; दाखवा की x² − 3x − 40 = 0. आता वरचीच रीत वापरा. (x − 8)(x + 5) = 0, म्हणून x = 8. लगतची बाजू 23 − 8 = 15, आणि 8 × 15 = 120. पडताळा जुळला, म्हणून सिद्ध झाले! प्रत्यक्षात हे विधान खोटे आहे, कारण आयताची एक बाजू x धरली तर ती 15 मीटरचीही असू शकते, आणि x = 15 घातल्यास x² − 3x − 40 ची किंमत 140 येते. माहितीतून खरोखर निघणारे समीकरण x(23 − x) = 120, म्हणजे x² − 23x + 120 = 0 हे आहे आणि त्यात 8 व 15 दोन्ही बसतात. जी रीत खोटे विधानही ‘सिद्ध’ करून देते, तिच्यावर खऱ्या विधानासाठीही गुण देता येत नाहीत, हे या उदाहरणानंतर मुलांना सहसा वेगळे सांगावे लागत नाही.

आता गाडीचा प्रश्न माहितीकडून सुरू करू. साध्य हाताने झाकून ठेवावे आणि प्रश्नातले प्रत्येक वाक्य गणिताच्या भाषेत उतरवावे. मूळ वेग ताशी x किमी, x > 0, म्हणून लागणारा वेळ 192/x तास. वाढलेला वेग ताशी (x + 16) किमी, म्हणून तेव्हा लागणारा वेळ 192/(x + 16) तास. दुसरा वेळ पहिल्यापेक्षा 1 तासाने कमी आहे, म्हणून

192/x − 192/(x + 16) = 1

x आणि x + 16 दोन्ही शून्य नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंना x(x + 16) ने गुणून

192(x + 16) − 192x = x(x + 16)

192x + 3072 − 192x = x² + 16x

3072 = x² + 16x

म्हणून x² + 16x − 3072 = 0.

तपासणाऱ्याची नजर यातल्या पहिल्या समीकरणावर आणि 192 × 16 मधून 3072 उगवते त्या ओळीवर असते. साध्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे लिखाणात दिसले पाहिजे. पहिल्या समीकरणावरून थेट शेवटच्या ओळीवर उडी मारली तर मधला भाग विद्यार्थ्याला येत होता की त्याने छापील ओळ उतरवली, हे ओळखण्याचे साधन तपासणाऱ्याकडे उरत नाही. म्हणून ‘काढा’च्या प्रश्नात ज्या दोन पायऱ्या मनात करून चालतात, त्या ‘दाखवा’च्या प्रश्नात कागदावर याव्यात असा माझा आग्रह असतो.

याच प्रश्नात साध्य आणखी एका वाटेने शिरते, आणि ती वाट जास्त चोरटी आहे. विद्यार्थ्याची सुरुवात योग्य असते, पण तो वजाबाकी उलटी मांडतो : 192/(x + 16) − 192/x = 1. मग 192x − 192(x + 16) = x(x + 16), म्हणजे −3072 = x² + 16x, म्हणजे x² + 16x + 3072 = 0. इथे त्याची नजर प्रश्नाकडे जाते, तिथे वजा चिन्ह दिसते, आणि पुढच्या ओळीत अधिकचे वजा होते. मध्ये कारण काहीच नाही. अशा उत्तरपत्रिकेत शेवटच्या दोन ओळी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि तपासणाऱ्याला त्या सर्वात आधी दिसतात, कारण इतक्या मुलांच्या पेपरात बदल नेमका तिथेच झालेला असतो.

खरे तर छापील साध्याचा सर्वात मोठा उपयोग इथेच आहे. आपली ओळ साध्याशी जुळली नाही, तर चूक वरच्या कुठल्या तरी ओळीत आहे ही खबर आपल्याला फुकट मिळाली. शेवटची ओळ न बदलता वर जावे. प्रथम विस्तार तपासावा. तो बरोबर असेल तर समीकरण मांडले ती ओळ तपासावी आणि स्वतःला विचारावे, की कमी वेगाने जाणाऱ्या गाडीला वेळ जास्त लागतो की कमी? जास्त लागतो, म्हणून 192/x ही मोठी संख्या आहे आणि तिच्यातून दुसरी वजा व्हायला हवी. चुकीची ओळ एका सरळ रेघेने खोडून तिथून पुढे पुन्हा लिहावे. वेळ संपत आला आणि चूक सापडली नाही, तर जी ओळ आली तीच राहू द्यावी. प्रामाणिकपणे राहिलेल्या चुकीच्या चिन्हापेक्षा ओढूनताणून जुळवलेले चिन्ह वाईट, कारण त्यामुळे वरच्या योग्य ओळींबद्दलही संशय निर्माण होतो.

साध्यापासून निघून पक्षापर्यंत पोहोचणे

दुसरा प्रकार त्रिकोणमितीत जास्त आढळतो. प्रश्न प्रसिद्ध आहे : sin θ + sin² θ = 1 असेल, तर सिद्ध करा की cos² θ + cos⁴ θ = 1.

वर्गात फळ्यावर येऊन एका मुलीने लिहिलेली सिद्धता अशी होती. cos² θ + cos⁴ θ = 1, म्हणून cos⁴ θ = 1 − cos² θ = sin² θ. वर्गमूळ घेऊन cos² θ = sin θ. म्हणून 1 − sin² θ = sin θ, म्हणून sin θ + sin² θ = 1. हे तर दिलेलेच आहे, म्हणून सिद्ध झाले. तिने खडू ठेवला तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या होत्या.

प्रत्येक पायरीच्या आधीचा ‘म्हणून’ वाचला की दिशा स्पष्ट होते. तिने साध्य खरे मानले आणि त्यातून पक्ष मिळवला. म्हणजे तिने दिलेल्या विधानाचा व्यत्यास सिद्ध केला. पक्षावरून साध्य मिळते का, हा प्रश्न तसाच शिल्लक राहिला. मूळ विधान खरे असले म्हणून व्यत्यास खरा असतोच असे नाही, आणि व्यत्यास खरा ठरला म्हणून मूळ विधान खरे ठरत नाही.

तिच्या सिद्धतेत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वर्गमूळ घेताना cos² θ = sin θ असे लिहिले आहे; वास्तविक sin² θ = cos⁴ θ यावरून sin θ = cos² θ किंवा sin θ = −cos² θ असे दोन पर्याय निघतात. दहावीत θ लघुकोन असतो, sin θ धन असतो, आणि म्हणून दुसरा पर्याय आपोआप गळतो. पण तो गळतो हे लिहावे लागते. अकरावीत कोन कितीही मोठा किंवा ऋण असू शकतो, तेव्हा हा व्यत्यास चक्क खोटा आहे. sin θ + sin² θ = 1 सोडवल्यास sin θ = (√5 − 1)/2, म्हणजे सुमारे 0.618 मिळते आणि θ सुमारे 38.17° येतो. आता कोन −38.17° घ्या. cos² ची किंमत 0.618 आणि cos⁴ ची 0.382 राहते, त्यांची बेरीज 1 होते. पण sin ची किंमत −0.618 झाल्यामुळे sin θ + sin² θ ही बेरीज सुमारे −0.236 येते, 1 येत नाही. म्हणजे साध्य खरे, पक्ष खोटा. कॅल्क्युलेटरवर हे दोन मिनिटांत पाहता येते आणि प्रत्येकाने एकदा पाहावे.

पक्षापासून निघालेली सिद्धता याहून लहान आहे. दिलेले आहे की sin θ + sin² θ = 1. म्हणून sin θ = 1 − sin² θ = cos² θ. दोन्ही बाजूंचा वर्ग करून sin² θ = cos⁴ θ. आता डावी बाजू = cos² θ + cos⁴ θ = sin θ + sin² θ = 1 = उजवी बाजू. इथे आपण वर्ग केला, वर्गमूळ घेतले नाही, त्यामुळे चिन्हाचा प्रश्नच आला नाही. ही सिद्धता कोणत्याही कोनाला लागू पडते. दोन समान संख्यांचे वर्ग समान असतातच, पण वर्ग समान असले की संख्या समान असतील असे नाही. वर्ग करणे हा एकदिशा मार्ग आहे, आणि ज्या पायरीवर असा मार्ग येतो तिथे सिद्धतेची दिशा उलटली की अर्थही बिघडतो.

ओळखायचे कसे? उत्तर लिहून झाल्यावर पहिली ओळ आणि शेवटची ओळ एवढ्याच पाहाव्यात. पहिली ओळ पक्षातली, किंवा सर्वांना मान्य असलेले सूत्र, किंवा ‘डावी बाजू =’ अशी सुरुवात असली पाहिजे; शेवटची ओळ साध्य असली पाहिजे. शेवटी ‘1 = 1’, ‘sin² θ = sin² θ’ किंवा ‘हे दिलेलेच आहे’ असे काही दिसले, तर सिद्धता जवळजवळ नक्कीच उलटी लिहिली गेली आहे.

कच्च्या कामात उलटे जायला हरकत नाही

हे ऐकल्यावर मुले दुसऱ्या टोकाला जातात आणि साध्याकडे पाहणेच गैर आहे असे समजतात. तसे नाही. वाट शोधताना साध्यापासून मागे येणे हा उत्तम मार्ग आहे. फक्त ते समासातले किंवा मागच्या पानावरचे कच्चे काम आहे आणि पक्के लिखाण त्याच्या उलट्या क्रमाने करायचे आहे, याची जाण हवी.

उदाहरणार्थ, θ लघुकोन असताना sin θ/(1 + cos θ) = (1 − cos θ)/sin θ ही नित्यसमानता सिद्ध करायची आहे. कच्च्या कामात तिरकस गुणाकार केला की sin² θ = 1 − cos² θ मिळते आणि आपल्याला दिलासा मिळतो. आता खालून वर वाचायचे आणि प्रत्येक पायरी चढता येते का ते विचारायचे. sin² θ = 1 − cos² θ हे ज्ञात आहे. उजव्या बाजूचे अवयव पाडून sin² θ = (1 − cos θ)(1 + cos θ). आता दोन्ही बाजूंना sin θ (1 + cos θ) ने भागायचे आहे. भागाकार करायचा तर ही राशी शून्य नसावी. θ लघुकोन आहे, त्यामुळे sin θ आणि 1 + cos θ दोन्ही धन आहेत, म्हणून भागता येते. भागल्यावर साध्य मिळते. तिरकस गुणाकारात दडलेली ही अट, उलटे लिहितानाच समोर येते.

बोर्डाच्या पेपरात मात्र मी मुलांना एकाच बाजूवर काम करायला सांगते, कारण त्यात दिशा चुकण्याची शक्यताच राहत नाही. डाव्या बाजूच्या अंशाला आणि छेदाला (1 − cos θ) ने गुणावे. छेद 1 − cos² θ, म्हणजे sin² θ होतो, अंश sin θ (1 − cos θ) होतो, एक sin θ जातो आणि उजवी बाजू उरते. यात (1 − cos θ) ने गुणायचे हे सुचले कुठून? साध्याच्या उजव्या बाजूच्या अंशात ते दिसत होते म्हणून. साध्याचा असा संकेत म्हणून उपयोग करणे पूर्णपणे रास्त आहे, कारण अंश आणि छेद यांना एकाच शून्येतर राशीने गुणणे साध्य खरे असो वा नसो, चालतेच.

इथे हुशार मुले हमखास एक शंका काढतात : √2 अपरिमेय आहे हे सिद्ध करताना आपण गृहीत धरतोच की? धरतो, पण साध्य नाही, साध्याच्या विरुद्ध विधान धरतो आणि त्यातून विसंगती मिळवतो. अकरावीच्या इंडक्शनमध्येही n = k साठी विधान गृहीत धरतो आणि n = k + 1 साठी सिद्ध करतो; ही दोन वेगळी विधाने आहेत. तिथे चूक होते ती n = k + 1 साठीचे विधानच पहिल्या ओळीत लिहून दोन्ही बाजू सोडवायला घेतल्यावर.

आकृतीतून शिरणारे साध्य

भूमितीत साध्य शब्दांतून न येता पेन्सिलीतून येते, आणि म्हणून ते पकडायला सर्वात कठीण जाते. प्रश्न असा : △ABC मध्ये ∠A चा दुभाजक बाजू BC ला D मध्ये छेदतो आणि D हा BC चा मध्यबिंदू आहे. सिद्ध करा की AB = AC.

विद्यार्थी आकृती काढतो तीच सममित, A बरोबर मधोमध, दोन्ही बाजू सारख्या. मग △ABD आणि △ACD मध्ये BD = CD, ∠BAD = ∠CAD, AD सामाईक, अशी सामग्री जमते. पण इथे कोन हा समान असलेल्या दोन बाजूंमधला नाही, म्हणून बाकोबा कसोटी लागत नाही, आणि या क्रमाने एकरूपतेची कोणतीच कसोटी मिळत नाही. हात अडतो, डोळे आकृतीकडे जातात, आणि पुढची ओळ येते : ∠B = ∠C. कारण विचारले तर ‘समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे कोन’. त्रिकोण समद्विभुज आहे हे तर सिद्ध करायचे होते! दुसरा कुणी त्याऐवजी AD ⊥ BC लिहितो, कारण आकृतीत ते तसे दिसते. दोन्ही ओळींनंतर कसोटी लागते, सिद्धता पूर्ण झाल्यासारखी वाटते, आणि गुण जातात.

यावर मला सर्वात उपयोगी वाटलेला उपाय म्हणजे आकृती मुद्दाम वाकडी काढणे. AB ठळकपणे लांब, AC आखूड. साध्य खोटे दिसेल अशी आकृती समोर असली की नजरेतून काही गृहीत धरले जात नाही. जे लिहायचे त्याला पक्षातून किंवा प्रमेयातून आधार शोधावाच लागतो. दुसरा उपाय बोर्डाच्या मांडणीतच आहे. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे वेगळे लिहावे, आणि सिद्धतेतल्या प्रत्येक विधानासमोर कारण लिहावे. कारणाच्या जागी पक्ष, रचना, ज्ञात प्रमेय किंवा आधी सिद्ध केलेली ओळ, एवढेच येऊ शकते. कारण लिहिताना साध्यातला शब्द वापरावा लागतोय असे दिसले, की पेन्सिल थांबवावी.

दहावीला कोनदुभाजकाचे प्रमेय ठाऊक असते, म्हणून तिथे सिद्धता दोन ओळींची आहे : AD हा ∠A चा दुभाजक, म्हणून AB/AC = BD/DC; D मध्यबिंदू, म्हणून BD/DC = 1; म्हणून AB = AC. नववीत हे प्रमेय हाताशी नसते, तेव्हा रचना करावी लागते. AD हा D च्या पलीकडे E पर्यंत असा वाढवावा की DE = AD, आणि C, E जोडावेत. △ABD आणि △ECD मध्ये AD = ED (रचना), ∠ADB = ∠EDC (विरुद्ध कोन), BD = CD (पक्ष). म्हणून बाकोबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप. त्यावरून AB = EC आणि ∠BAD = ∠CED. पण ∠BAD = ∠CAD (पक्ष), म्हणून ∠CAD = ∠CED, म्हणजे △CAE मध्ये A आणि E जवळचे कोन समान आहेत. समान कोनांसमोरील बाजू समान, म्हणून CA = CE. म्हणून AB = CE = CA.

शेवटच्या टप्प्यात समद्विभुज त्रिकोण इथेही आलाच, पण तो △CAE आहे, △ABC नाही, आणि त्याचे कोन समान आहेत हे आधी सिद्ध करून मगच बाजू समान म्हटल्या आहेत. चुकीच्या उत्तरात आणि या उत्तरात वापरलेले ज्ञान जवळपास सारखेच आहे. ते कोणत्या त्रिकोणावर आणि कोणत्या ओळीनंतर वापरले, एवढाच फरक आहे.

प्रश्न दोन भागांत असेल तेव्हा

एक शेवटची अडचण गाडीच्या प्रश्नासारख्या ठिकाणी येते. ‘दाखवा की’ हा पहिला भाग जमला नाही म्हणून मुले ‘त्यावरून वेग काढा’ हा दुसरा भागही सोडून देतात. साध्य गृहीत धरायचे नाही असे सांगितलेले असते, म्हणून पुढे वापरणेही गैर वाटते. ही बंधने एकमेकांत मिसळू नयेत. पहिल्या भागात साध्य आधार म्हणून वापरता येत नाही. दुसऱ्या भागात मात्र ते प्रश्नानेच आपल्या हातात दिलेले आहे, आणि पहिला भाग अडला तरी दुसरा सोडवता यावा हाही ते छापून देण्यामागचा एक हेतू असतो. म्हणून पहिला भाग जिथपर्यंत माहितीतून निघाला तिथपर्यंत तसाच ठेवावा, खाली थोडी जागा सोडावी, ‘दिलेल्या समीकरणावरून’ असे स्पष्ट लिहावे, आणि मग (x + 64)(x − 48) = 0 असे अवयव पाडून, x > 0 हे कारण देऊन, वेग ताशी 48 किमी असे उत्तर लिहावे. वेळ उरला तर सोडलेल्या जागेकडे परत यावे : 48 च्या वेगाला 4 तास आणि 64 च्या वेगाला 3 तास लागतात हे आता समोर आहे, आणि कोणत्या वेळेतून कोणती वजा करायची होती हे बहुतेकांना तेव्हा दिसते.